चहाआधीची गोळी आणि सवयीचा खुंटा

आर्वीची लेक (८ जुलै, रात्री ९.१०)

नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची असून वडिलांबरोबर आर्वी तालुक्यातील आमच्या गावी राहते. मी नोकरीनिमित्त वर्ध्याला असते आणि पंधरवड्यातून एकदा घरी जाते. आईचा थायरॉइड कमी काम करतो, म्हणून तिला रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आहे आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहाही घ्यायचा नाही. मागच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेले निघाले, म्हणजे औषध कमी पडत होते, तेव्हा डॉक्टरांनी गोळी रोज घेता का, असे विचारले. आईने अगदी मनापासून हो म्हटले आणि डोस वाढवण्याचे ठरत आले. मला मात्र राहवले नाही, म्हणून घरी जाऊन मी बाटलीतल्या गोळ्या मोजल्या. शंभर गोळ्यांची बाटली उघडून ७० दिवस झाले होते, म्हणजे ३० गोळ्या उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या ५२. बावीस दिवस गोळी पोटात गेलेलीच नव्हती. हा हिशेब सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस आहे तोच ठेवला, आधी रोज घ्या असे बजावले आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले.

आई खोटे बोलत नव्हती, तिला खरोखरच आपण रोज घेतो असे वाटत होते. मी फोनवर साडेपाचचा गजर लावून दिला होता, पण तो वाजतो तेव्हा फोन समोरच्या खोलीत चार्जिंगला असतो आणि आई शेणाच्या हातांनी कोठ्यात असते. गजर ऐकून बाबा तो बंद करतात. मग मी तिला सांगितले की चहा ही काही तुझी चुकणारी गोष्ट नाही, तेव्हा चहाच्या आधी गोळी हे पक्के धर. नव्या सवयीला जुन्या सवयीचा आधार द्यावा, असे मी ऐकले होते. त्याचाही उपयोग झाला नाही. तिला गोळी आठवते ती नेमकी पहिला घोट घेतल्यावर. माझे कुठे चुकते आहे?

दिग्रसकर काका (८ जुलै, रात्री ९.४५)

ताई, आपण गजर लवकर सोडलात असे मला वाटते. कोणतीही सवय लागायला २१ दिवस लागतात. तेवढे दिवस गजर सुरू ठेवा, फोन कोठ्यात नेऊन ठेवा आणि बाबांना तो बंद करू देऊ नका. मी निवृत्तीनंतर सकाळचे फिरणे असेच अंगवळणी पाडले.

पऱ्हाटी (८ जुलै, रात्री १०.२०)

आमच्या वडिलांची शुगरची गोळी आहे. त्यांचे ताट उचलले की आई गोळी हातावर ठेवते, तीन वर्षांत एकदाही खंड पडलेला नाही. आपणही आईंची गोळी जेवणाला जोडून टाका, म्हणजे चहाची कटकटच उरणार नाही.

औषधवाला (९ जुलै, सकाळी ७.३०)

पऱ्हाटी दादा, आपल्या वडिलांच्या गोळीला तो नियम योग्य असेल, पण या गोळीला तो चालणार नाही. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घेतली तरच ती नीट शोषली जाते. जेवणानंतर लगेच घेतली तर ती पोटात जाईल, पण कामाला कमी येईल, आणि तपासणीत टीएसएच पुन्हा वाढलेलेच दिसेल. माझे औषधांचे दुकान आहे आणि ही गोळी चहाबरोबर गिळणारे लोक मी रोज पाहतो.

वहीतली पाने (९ जुलै, दुपारी १.१५)

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ताई, आपला विचार बरोबर होता, खुंटा मात्र चुकीच्या जागी ठोकला गेला. जुनी सवय नव्या सवयीची आठवण करून देते ती आपण घडून गेल्यावर. चहा प्यायला हा प्रसंग घडतो, त्याची चव जिभेवर येते आणि त्यातून मनाला खूण मिळते. “चहाच्या आधी” नावाचा प्रसंग मात्र सकाळी कुठेच घडत नाही. तो चहाकडून मागे मोजलेला रिकामा वेळ आहे. त्यामुळे खूण मिळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पहिल्या घोटाला आईंना गोळी आठवते याचा अर्थ त्यांची स्मरणशक्ती उत्तम चालली आहे आणि आपण सांगितल्याप्रमाणेच चालली आहे. याच्याशी थोडे जुळणारे एक निरीक्षण २०१३ साली इंग्लंडमध्ये गॅबी जुडा आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. दातांच्या फटींतून दोरा फिरवण्याची सवय काहींनी ब्रशच्या आधी आणि काहींनी ब्रशनंतर लावायची होती. ब्रशनंतर दोरा वापरणाऱ्यांची सवय आठ महिन्यांनी अधिक पक्की आढळली. अभ्यास लहान होता, ५० माणसांचा, म्हणून त्यावर फार भार टाकू नये.

तेव्हा आपल्याला चहाच्या किमान पाऊण तास अलीकडे संपणारे, रोज न चुकता होणारे काम हवे आहे. कृपया आईंना विचारून उठल्यापासून चहापर्यंतची कामे क्रमाने लिहा आणि प्रत्येक कामाच्या शेवटी त्या कुठे उभ्या असतात व त्यांचे हात कसे असतात तेही लिहा. हातांचे विचारते आहे, कारण सगळा डाव बहुधा तिथेच फसतो.

काका, २१ दिवसांचा आकडा फार प्रसिद्ध असला तरी मोजमापात तो टिकत नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांना १२ आठवडे रोज एक नवी कृती ठरलेल्या प्रसंगाला जोडायला लावले. ती सहजपणे होऊ लागायला लागलेला काळ कोणाच्या बाबतीत १८ दिवस, तर कोणाच्या बाबतीत हिशेबाने २५४ दिवस आला, आणि मधला आकडा ६६ होता. आपले गजराविषयीचे म्हणणे अर्धे मला मान्य आहे. गजरामुळे पहिले काही दिवस कृती घडते, परंतु मन गजराशी बांधले जाते आणि तो थांबला की कृतीही थांबते. शिवाय गजर घड्याळ पाहून वाजतो, त्या वेळी माणसाचे हात शेणात आहेत की पाण्यात, हे त्याला कळत नाही.

आर्वीची लेक (१० जुलै, रात्री ८.५०)

आईशी फोनवर बोलून हे लिहिते आहे. ती पाचच्या सुमारास उठते आणि मागच्या दाराची कडी काढते. न्हाणीपाशी दात घासते, चूळ भरते, तोंड धुते आणि पदराला हात पुसते. तेव्हा सव्वापाच होतात. मग अंगणात सडा टाकते. त्यानंतर कोठ्यात शेण काढणे, गाईला भिजवलेली ढेप ठेवणे आणि दूध काढणे. दूध घरात आणून गाळते, गंजात चहा मांडते आणि सव्वासहाला दोघे चहा घेतात. कडी काढताना हात कोरडे असतात, पण ती झोपेत असते आणि तिला बाहेर जायची घाई असते. सड्यानंतर हात शेणाचे, ते दूध काढण्याआधी धुतले जातात. दूध काढून झाल्यावर हातात भांडे असते आणि वासराला मागे ओढायचे असते.

गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर आहे. हे लिहितानाच मला उत्तर दिसू लागले आहे.

वहीतली पाने (१० जुलै, रात्री ९.३०)

उत्तर आपल्यालाच दिसले, हे उत्तम झाले. शेवटची चूळ टाकून तांब्या खाली ठेवण्याचा क्षण पाहा: हात धुतलेले आहेत, तांब्यात पाणी आहे, पोट रिकामे आहे, माणूस पूर्ण जागा झालेला आहे आणि चहाला तास बाकी आहे. गोळीला लागणारे सगळे तिथे हजर असते, फक्त गोळी तिथे नसते. “दात घासल्यावर” असे मात्र सांगू नका, कारण दात घासून झाल्यापासून सडा टाकेपर्यंतचा सगळाच काळ त्यात येतो. “शेवटची चूळ टाकली की तांब्या खाली ठेवायच्या आत गोळी” इतके नेमके सांगा आणि ते वाक्य आईंना त्यांच्या शब्दांत एकदा मोठ्याने म्हणायला लावा. “अमुक घडले की मी तमुक करीन” अशा जर-तरच्या नेमक्या वाक्याचा परिणाम नुसत्या निश्चयापेक्षा अधिक होतो, हे पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांतून दाखवले आहे.

धामणगावची सून (११ जुलै, सकाळी ६.५५)

आमच्याकडे न्हाणीच्या बाहेर पडवीत देवळी आहे, तशी आपल्याकडे असेल तर बाटली तिथेच ठेवावी. चूळ टाकून मान वर केली की ती डोळ्यांसमोर यावी, इतकी जवळ. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत जागा बदलली आणि निम्मे काम झाले, बाकी कोणी काही समजावलेही नाही. मात्र देवळीत उदबत्तीचा पुडा, जुन्या किल्ल्या, कंगवा असे सगळे जमते आणि आठ दिवसांत बाटली त्याच्या मागे जाते. ती देवळी रिकामी करून घ्यावी.

औषधवाला (११ जुलै, सकाळी ९.०५)

जागेबद्दल दोन सूचना. चुलीच्या वरची फळी या गोळीला वाईटच होती, कारण उष्णता आणि ओल दोन्हींमुळे तिचा गुण कमी होतो. न्हाणीच्या आत ठेवू नये, पडवीतली देवळी सावलीत आणि कोरडी असेल तर चालेल, पण आपल्याकडच्या मे महिन्यात तिथे किती तापते ते पाहूनच ठरवावे. गोळ्या सुट्या काढून उघड्या वाटीत ठेवू नयेत; मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात.

दिग्रसकर काका (११ जुलै, सकाळी १०.४०)

२१ दिवसांबाबतची दुरुस्ती मान्य आहे. आता एक सुचवतो. या वयात बहुतेक बायकांना कॅल्शियमची गोळीही असते. खुंटा इतका चांगला सापडलाच आहे, तर तीही त्याच वेळी घेऊन टाकावी, म्हणजे एका चुळीत दोन कामे होतील.

औषधवाला (११ जुलै, सकाळी ११.००)

काका, कृपया असे करू नये. कॅल्शियम आणि लोह या दोन्हींमुळे थायरॉइडच्या गोळीचे शोषण घटते, म्हणून त्यांच्यामध्ये चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. एकत्र घेतल्या तर गोळी रोज पोटात जाईल आणि टीएसएच मात्र हलणार नाही, आणि मग दोष कुठे आहे हे शोधणे फार कठीण जाईल.

आर्वीची लेक (११ जुलै, रात्री ९.२०)

काकांनी विषय काढला ते बरेच झाले, कारण आईला कॅल्शियमची गोळी खरोखरच आहे आणि ती मनात येईल तेव्हा घेते. तिला मी रात्रीच्या जेवणानंतर हात धुण्याचा खुंटा सांगितला आहे. पण दोन्ही सवयी एकदम सुरू कराव्यात का?

वहीतली पाने (११ जुलै, रात्री १०.००)

माझ्या मते आधी सकाळची बसू द्यावी. कॅल्शियमची वेळ चुकली तर तिने सकाळच्या गोळीत लुडबूड करू नये, एवढेच सध्या पाहावे.

दुसऱ्या एका अडचणीची मात्र आताच तयारी ठेवावी, कारण ती यश आल्यावर उभी राहते. कृती अंगवळणी पडली की ती केल्याची वेगळी आठवण मनात राहत नाही. दाराला कुलूप लावले की नाही, हे पाहायला माणूस अर्ध्या रस्त्यातून परत येतो, तसेच हे आहे. महिन्याभराने आई सडा टाकता टाकता थांबतील आणि आज गोळी घेतली की कालची आठवते आहे, असा प्रश्न त्यांना पडेल. त्या वेळी संशयाने दुसरी गोळी घेतली जाऊ नये.

धामणगावची सून (१२ जुलै, सकाळी ७.१०)

आम्ही देवळीत बाटली डावीकडे ठेवतो आणि गोळी घेतली की उजवीकडे सरकवतो. संध्याकाळी दिवाबत्ती करताना सासूबाई ती पुन्हा डावीकडे आणतात.

पऱ्हाटी (१२ जुलै, दुपारी २.३०)

वहिनी, युक्ती चांगली आहे, पण दिवाबत्तीला सरकवायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली उजवीकडेच दिसेल आणि त्या गोळी झाली असे समजून पुढे जातील. आम्ही बोअरच्या पाण्याच्या पाळीसाठी अशीच खुणेची काठी ठेवत होतो आणि तिच्यामुळे एक पाळी हुकली. ज्या खुणेला रोज परत जागेवर आणावे लागते, तिच्यात एक जादा चूक लपलेली असते. त्यापेक्षा भिंतीवरचे तारखांचे कॅलेंडर बरे, त्याला कोणी परत फिरवावे लागत नाही.

धामणगावची सून (१२ जुलै, दुपारी ३.१५)

आपले म्हणणे खरे आहे. आमच्याकडे असे दोनदा झाले होते, पण तेव्हा मी त्याचे खापर सासूबाईंवर फोडले होते.

आर्वीची लेक (१९ जुलै, सायंकाळी ६.००)

या रविवारी घरी येऊन सगळे मांडून दिले. पडवीतल्या देवळीतून तीन किल्ल्या, एक तुटका कंगवा आणि बाबांचा खर्रा निघाला. तो गेल्याचे दुःख बाबांना अजून आहे. देवळीत आता फक्त गोळ्यांची बाटली आहे, वर खिळ्याला कॅलेंडर आहे आणि त्याला सुतळीने पेन्सिल बांधली आहे. आईला वाचता येत नाही, पण आकडे कळतात. वाक्य तिने स्वतःच केले: “चूळ टाकली का गोळी, मंग सडा.” मी शेवटी “सडा” मुद्दाम जोडायला सांगितलेला नव्हता, तो तिने आपणहून जोडला.

वहीतली पाने (१९ जुलै, रात्री ८.१५)

तो जोडला हे फार बरे झाले, कारण आता गोळी दोन जुन्या कामांच्या मध्ये बसली आहे. मागची चूळ तिला सुरू करते आणि पुढचा सडा ती राहिली तर खटकवतो. फक्त कॅलेंडरवरची रेघ गोळी गिळल्यावरच मारायची, हे पक्के करा. काही जणांचा हात आधी पेन्सिलीकडे जातो आणि मग रेघ मारल्याच्या समाधानात गोळीच राहते.

आर्वीची लेक (१६ ऑगस्ट, रात्री ९.००)

२० जुलैपासून आज १६ ऑगस्टपर्यंत २८ दिवस झाले. कॅलेंडरवर २५ रेघा आहेत. २० जुलैच्या सकाळी मी बाटलीतल्या ४० गोळ्या मोजून ठेवल्या होत्या, आज १५ आहेत, म्हणजे रेघा आणि गोळ्या जुळल्या. फोनवरचा गजर मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला.

चुकलेले तीन दिवस मी आईकडून बारकाईने समजून घेतले. एका पहाटे गाय व्यायली, म्हणून आई उठून थेट कोठ्यात गेली आणि दात घासले ते चहा झाल्यावर. दुसऱ्या वेळी मुसळधार पावसामुळे तिने न्हाणीकडे न जाता मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून दात घासले; चूळ झाली, पण देवळी समोर नव्हती. तिसरा दिवस उपवासाचा होता. त्या दिवशी ती चहा घेते, पण गोळी चालते की नाही, याविषयी तिच्या मनात शंका होती आणि तिने कोणाला विचारले नाही.

वहीतली पाने (१६ ऑगस्ट, रात्री ९.५०)

हे तिन्ही दिवस एकाच प्रकारचे नाहीत. गाय व्यायली त्या दिवशी खुंटाच हलला, त्याला इलाज नाही. लॅलींच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडला नव्हता. पावसाच्या दिवशी खुंटा होता, पण वस्तू दूर होती, आणि पावसाळा अजून संपलेला नाही, म्हणून बाटलीची जागा उंबऱ्यावरूनही दिसेल अशी शोधता आली तर पाहा. उपवासाचा दिवस सवयीचा प्रश्नच नव्हता. तिथे आठवण झाली होती, पण निर्णय वेगळा झाला. अशा ठिकाणी खुंटा कितीही घट्ट ठोकला तरी उपयोग होत नाही.

औषधवाला (१७ ऑगस्ट, सकाळी ८.२०)

या औषधाचे अंगातले प्रमाण हळूहळू उतरते, अर्धे व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून एक दिवस हुकल्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दोन गोळ्या घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे. उपवासाचेही त्यांनाच विचारून ठेवा, कारण हरतालिका जवळ आली आहे आणि त्या दिवशी पुष्कळ बाया पाणीही घेत नाहीत.

दिग्रसकर काका (१७ ऑगस्ट, सकाळी ९.००)

मी असे वाचले आहे की ही गोळी रात्री झोपतानाही घेता येते. मग चहाचा प्रश्नच संपतो, नाही का?

औषधवाला (१७ ऑगस्ट, सकाळी ९.४०)

काका, या वेळी आपले वाचन बरोबर आहे. शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी रात्री घेणे हा पर्याय काही डॉक्टर देतात. पण तो डॉक्टरांनी ठरवायचा, आणि रात्रीच्या जेवणानंतरची कॅल्शियमची गोळी मग पुन्हा वाटेत येते.

धामणगावची सून (१७ ऑगस्ट, सकाळी १०.१५)

शिवाय आमच्याकडे रात्री साडेआठला जेवण होते आणि नऊला सगळे झोपलेले असतात. तीन तासांनी उठवायला पुन्हा गजरच लागेल.

आर्वीची लेक (१७ ऑगस्ट, रात्री ८.३०)

रात्रीचा पर्याय सध्या सोडून देते. उपवासाचे डॉक्टरांना विचारले; त्यांनी साध्या उपवासाला गोळी आणि पाणी घ्यायला सांगितले, आणि आईने ते मानले. हरतालिकेचे मात्र ती “पाहू” म्हणाली आहे, आणि तिच्या “पाहू”चा अर्थ मला ठाऊक आहे.

मागच्या दाराच्या चौकटीला आतल्या बाजूने एक छोटी फळी ठोकून बाटली आणि कॅलेंडर दोन्ही तिथे हलवले आहे. उंबऱ्यावरूनही ती दिसते आणि न्हाणीतून परत येतानाही. पण जागा बदलल्यावर पहिल्या सकाळी आई सवयीने देवळीपाशीच जाऊन उभी राहिली आणि तिथे आता बाबांचा खर्रा परत आलेला होता. रक्ताची तपासणी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. दिवाळीत ती आठ दिवस नागपूरला माझ्या बहिणीकडे जाणार आहे. तिथे सडा नाही, कोठा नाही, न्हाणी नाही, आणि जावई सकाळी उठल्याबरोबर सगळ्यांच्या हातात चहाचे कप देतात. तिथे काय करावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

पऱ्हाटी (१७ ऑगस्ट, रात्री ९.०५)

चूळ तर तिथेही भरतीलच. बाटली त्यांच्या ब्रशाच्या पेल्याशेजारी ठेवता येईल.

वहीतली पाने (१७ ऑगस्ट, रात्री ९.२५)

पऱ्हाटी दादांनी सुचवलेले करून पाहावे, पण नव्या जागी जुनी सवय तेवढ्याच जोराने येईल याची मला खात्री नाही, कारण तिचा निम्मा भार पडवी आणि अंगण यांच्यावर आहे. ते आठ दिवस बहिणीने कप हातात देण्यापूर्वी गोळीचे विचारावे, असे मी म्हणेन. जावयांना चहा तासभर उशिरा द्यायला कोण सांगणार, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.